उंचीचा घंटाकृती आलेख: एका फ्रेंच भरतीपासून दांडिया बाजारापर्यंत

वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरातल्या एका व्यायामशाळेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सकाळी उंची मोजून घेतात. गुजरातमध्ये लोकरक्षक पदासाठी बहुतेक पुरुष उमेदवारांना किमान १६५ सेंटीमीटर उंची लागते, त्यामुळे भिंतीवर त्या ठिकाणी मारलेली पेन्सिलीची रेघ सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तिथल्या एका मुलाची उंची सकाळी १६५.४ आणि त्याच दिवशी संध्याकाळी १६४.३ भरली. तेव्हा पट्टी सदोष असावी, असे त्याच्या काकांना वाटले. पट्टीत दोष नव्हता. दिवसभर उभे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस सेंटीमीटरभर, कधी थोडा अधिकही, आखूड होतो. पण या मुलासाठी तो एक सेंटीमीटर इतका निर्णायक का ठरला, हे समजून घ्यायचे तर उंचीच्या आकड्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. त्याची सुरुवातही एका भरतीच्या रेघेपासूनच होते.

ॲडॉल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ होता. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांत अपरिहार्यपणे येणाऱ्या चुका शून्याभोवती एका विशिष्ट आकारात पसरतात, लहान चुका पुष्कळ आणि मोठ्या चुका विरळ असतात, हे गाउसने १८०९ मध्ये आणि लाप्लासने पुढच्याच वर्षी गणिताने मांडले होते. त्याच आकाराचा वक्र द मुआव्र याला १७३३ मध्ये नाणेफेकीच्या हिशोबात सापडला होता. केतलेने एक धाडसी पाऊल उचलले आणि चुकांचा हा वक्र माणसांच्या शरीरावर लावून पाहिला. १८४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रसंग्रहात स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचे प्रसिद्ध कोष्टक आहे. मला मात्र त्याच ग्रंथातले दुसरे कोष्टक अधिक बोलके वाटते.

ते कोष्टक फ्रान्समध्ये सक्तीच्या सैन्यभरतीसाठी मोजलेल्या एक लाख तरुणांच्या उंचीचे आहे. १.५७ मीटरपेक्षा कमी उंचीच्या तरुणाला भरतीतून सूट मिळे. केतलेने प्रत्येक गटात प्रत्यक्ष मोजलेल्या माणसांचा आकडा आणि वक्राच्या हिशोबाने यायला हवा तो आकडा शेजारी शेजारी मांडला. उंच गटांत दोन्ही जवळजवळ तंतोतंत जुळतात: १.७०५ ते १.७३२ मीटर या गटात मोजलेले ५,५३० आणि हिशोबाने ५,५२७, त्याच्या वरच्या गटात ३,१९० आणि ३,१८७. पण १.५७ मीटरखालच्या गटात मोजलेले तरुण २८,६२० आहेत, तर हिशोबाने फक्त २६,३४५ यायला हवे होते. त्याच्या लगतच्या वरच्या गटात मात्र १३,१८२ अपेक्षित असताना ११,५८० च सापडतात आणि त्याहून वरच्या गटातही पाचशेच्या आसपास तूट दिसते. रेघेच्या खाली सुमारे २,३०० जास्त आणि रेघेच्या लगेच वर सुमारे २,१०० कमी. केतलेने काढलेला निष्कर्ष सरळ होता: दोन हजारांहून अधिक तरुण गुडघे किंचित वाकवून, किंवा मोजणाऱ्याच्या मेहेरबानीने, रेघेखाली सरकले होते. वक्राने एकाही माणसाचे नाव सांगितले नाही, पण फसवणूक किती झाली आणि कुठे झाली हे दाखवून दिले.

वक्र बरोबर असला, तरी तो असा का येतो याचे केतलेने दिलेले कारण चुकीचे होते. निसर्ग एक आदर्श ‘सरासरी माणूस’ घडवू पाहतो आणि प्रत्येक जिवंत माणूस ही त्या प्रयत्नातली कमीअधिक चूक आहे, अशी त्याची कल्पना होती. वस्तुतः एखाद्या उंच माणसात काही बिघडलेले नसते. खरे कारण नाणेफेकीतच दडलेले आहे. दहा नाणी एकदम उडवली तर दहाही छापे पडण्याची शक्यता १,०२४ पैकी एक असते, पण पाच छापे आणि पाच काटे पडण्याच्या २५२ निरनिराळ्या रीती असतात. बेरजेत मधले उत्तर मिळण्याचे मार्ग पुष्कळ आणि टोकाचे उत्तर मिळण्याचे मार्ग अगदी थोडे असतात, म्हणून मध्यभागी फुगवटा येतो. नाणी वाढवत गेलो की तो फुगवटा घंटेसारखा गुळगुळीत होत जातो.

उंचीच्या बाबतीत ही नाणी कोणती, याचे उत्तर रोनाल्ड फिशरने १९१८ मध्ये दिले. मेंडेलच्या नियमांप्रमाणे आनुवंशिक घटक एकेक करून येतात, तर उंची पायऱ्या न पडता सलग का बदलते, हा त्या काळचा कडवा वाद होता. अशा घटकांची संख्या मोठी असेल, प्रत्येकाचा वाटा लहान असेल आणि ते वाटे एकमेकांत मिळवले जात असतील, तर बेरजेचा आलेख घंटाकृतीच येणार, हे फिशरने गणिताने दाखवले. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंचीशी निगडित १२,१११ जागा सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेकांचा वाटा मिलिमीटरच्या हिशोबातला आहे. बालपणचा आहार आणि आजारपणे यांचेही असेच लहान लहान वाटे त्यात मिळतात. जिथे एकच घटक मोठा असतो, उदाहरणार्थ हाडांची वाढ थांबवणारा एखादा जनुकीय बदल, तिथे मात्र माणूस या वक्राच्या हिशोबातून बाहेर पडतो.

आता प्रमाण विचलनाकडे येऊ. सरासरीपासून लोक साधारणपणे किती दूर पसरले आहेत, हे सांगणारे ते एक माप आहे. त्याला हे नाव कार्ल पिअरसनने दिले आणि १८९४ मध्ये ते छापून आले. त्याआधी केतले आणि गॉल्टन ‘संभाव्य त्रुटी’ वापरत. सरासरीच्या दोन्ही बाजूंना जेवढ्या अंतरात निम्मे लोक येतात, ते अंतर म्हणजे संभाव्य त्रुटी, आणि ती प्रमाण विचलनाच्या सुमारे दोन तृतीयांश भरते. नव्या नावामुळे ‘त्रुटी’ हा शब्द गेला, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्या शब्दाबरोबर केतलेची ‘निसर्गाची चूक’ ही कल्पनाही मागे पडली.

हे माप काढायची रीत अवघड नाही. पाच जणांची उंची १५८, १६२, १६५, १६८ आणि १७२ सेंटीमीटर आहे असे धरू. सरासरी १६५ येते आणि तिच्यापासूनचे फरक अनुक्रमे उणे ७, उणे ३, शून्य, ३ आणि ७ होतात. फरकांची नुसती बेरीज शून्य होते, म्हणून प्रत्येकाचा वर्ग घ्यायचा. वर्गांची बेरीज ११६, तिची सरासरी २३.२ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ४.८ सेंटीमीटर. मोठ्या समूहात वक्र घंटाकृती असेल, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनात सुमारे ६८ टक्के आणि दोन प्रमाण विचलनांत सुमारे ९५ टक्के लोक येतात. फ्रेंच कोष्टकातून केतलेचे हिशोबी आकडे उलट सोडवले, तर सरासरी १६२ सेंटीमीटरच्या जवळ आणि प्रमाण विचलन सात सेंटीमीटरच्या किंचित वर येते.

तुलना करताना या मापाचा खरा उपयोग होतो. १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ आणि स्त्रियांची सुमारे १५३ सेंटीमीटर आहे. हिशोबासाठी पुरुषांचे प्रमाण विचलन ६.५ आणि स्त्रियांचे ६ धरू. रावपुऱ्यातला १७८ सेंटीमीटरचा तरुण सरासरीच्या १३ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर दोन प्रमाण विचलने वर आहे, आणि १६५ सेंटीमीटरची त्याची बहीण स्त्रियांच्या सरासरीच्या १२ सेंटीमीटर, म्हणजे तीही दोन प्रमाण विचलने वर आहे. भाऊ तेरा सेंटीमीटरने उंच दिसतो, पण आपापल्या वक्रात दोघे अगदी एकाच जागी उभे आहेत. दोघांहून उंच माणसे शंभरात दोनतीनच. हाच तरुण नेदरलँड्समध्ये गेला, जिथे त्याच्या पिढीतल्या पुरुषांची सरासरी १८२.५ च्या आसपास आहे, तर प्रमाण विचलन ७ धरून तो सरासरीच्या ०.६ प्रमाण विचलनाहून थोडा अधिक खाली उतरतो आणि तिथले सुमारे तीन चतुर्थांश पुरुष त्याच्याहून उंच ठरतात.

म्हणून वक्र कोणत्या समूहाचा आहे, हे आधी पाहावे लागते. स्त्री-पुरुषांचे आकडे एकत्र केले तर उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे दिसतील, असे आपल्याला वाटते. तसे बहुधा होत नाही, कारण दोन सरासऱ्यांत प्रमाण विचलनाच्या दुपटीहून अधिक अंतर असल्याशिवाय दोन शिखरे वेगळी होत नाहीत आणि इथे १२ सेंटीमीटरचे अंतर दुपटीच्या जेमतेम आत राहते. मिळतो तो एकच रुंद, माथ्यावर चपटा आलेख, ज्याची सरासरी ना स्त्रियांना लागू पडते ना पुरुषांना. याउलट दोन शिखरे दिसली म्हणून दोन समूह असतातच असेही नाही. फ्रान्सच्या दू प्रांतातल्या भरतीच्या आकड्यांत बेर्तियाँ याला दोन शिखरे दिसली आणि तिथे दोन वंश मिसळले आहेत असे मानले गेले. पुढे इटलीच्या रिदोल्फो लिव्हीने दाखवले की इंचांतली मापे सेंटीमीटरमध्ये बदलताना काही गटांत जास्त माणसे पडली होती. आपल्या वधू-वर नोंदवह्यांत उंची फूट-इंचांत लिहिण्याची पद्धत आहे. ती सेंटीमीटरमध्ये बदलून आलेख काढणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

आता दांडिया बाजारातल्या रेघेकडे परत येऊ. १६५ ही भरतीची मर्यादा भारतीय पुरुषांच्या सरासरीवरच पडते, म्हणजे वक्र जिथे सर्वांत उंच आहे तिथे. प्रमाण विचलन ६.५ असेल तर तिथे प्रत्येक सेंटीमीटरच्या पट्ट्यात शंभरातले सुमारे सहा जण उभे असतात. १७८ पाशी तोच एक सेंटीमीटर शंभरात एकालाही पुरता हलवत नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा फरक, डोक्यावरची फळी केसांवर टेकली की कवटीवर, टाचा भिंतीला चिकटल्या की नाहीत, यांचा परिणाम नेमका सरासरीजवळच्या मुलांना सर्वाधिक भोगावा लागतो. फ्रान्समध्ये मुले रेघेखाली जाण्यासाठी धडपडत होती, इथे ती रेघेवर येण्यासाठी धडपडतात. तेव्हा फुगवटा शोधायचाच झाला, तर तो इथे १६५ च्या लगेच वर आणि खड्डा लगेच खाली शोधावा लागेल. त्या मुलाच्या काकांना मी एवढेच सांगितले, की त्याची मोजणी सकाळच्या तुकडीत आली तर बरे, आणि आली नाही तर रांगेत उभे राहण्याऐवजी त्याला मोजणीपूर्वी तासभर आडवे पडून राहू द्या.