‘एक्स’ने सुरू होणारं वाक्य

चौथी-पाचवीच्या इंग्रजीत हमखास येणारा एक लेखनखेळ आहे. सव्वीस वाक्यांची गोष्ट लिहायची. पहिलं वाक्य ‘ए’ने सुरू, दुसरं ‘बी’ने, असं करत ‘झेड’पर्यंत. ऐकायला सोपं वाटतं, पण मुलांची गोष्ट साधारण ‘टी’पर्यंत झकास धावते आणि तिथून पुढे लंगडायला लागते. हे लंगडणं आजचं नाही. या प्रकाराचा इतिहास म्हणजे बव्हंशी शेवटच्या पाच-सहा अक्षरांना कसं चुकवायचं याचाच इतिहास आहे.

अक्षरांच्या क्रमाने रचना करण्याची हौस इंग्रजीहून फार जुनी आहे. हिब्रू बायबलातल्या 119व्या स्तोत्रात 176 ओळी आहेत, कारण हिब्रू अक्षरं बावीस आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठ ओळी. आपल्याकडे ‘ललितविस्तर’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात बाल सिद्धार्थ पाठशाळेत जातो. मुलं ‘अ’ म्हणतात तेव्हा ‘सगळे संस्कार अनित्य आहेत’ असं ‘अ’ने सुरू होणारं वचन उमटतं आणि मग एकेका अक्षरागणिक एकेक वचन येतं. पण या दोन्हींत गोष्ट पुढे सरकत नाही. स्तोत्रातल्या किंवा वचनांतल्या ओळी एकमेकींवर अवलंबून नसतात, म्हणून अक्षर अवघड आलं तरी फारसं बिघडत नाही. गोष्टीत मात्र मागच्या वाक्याने पुढच्याला बांधून ठेवलेलं असतं.

इंग्रजीत एकच प्रसंग अक्षरांवरून चालवण्याचा जुना नमुना म्हणजे सफरचंदाच्या ‘पाय’चं, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पदार्थाचं, बडबडगीत. 1671 च्या एका इंग्रजी पुस्तकात त्याचा उल्लेख सापडतो, म्हणजे मुलांच्या तोंडी ते त्याआधीच असणार. ‘ए’ म्हणजे ॲपल पाय. मग ‘बी’ त्याचा चावा घेतो, ‘सी’ कापतो, ‘डी’ वाटतो, ‘एफ’ त्यासाठी भांडतो. क्रियापदं बदलत जातात, पाय तोच. केट ग्रीनअवे या चित्रकर्तीने 1886 मध्ये या गीताचं सचित्र पुस्तक काढलं. त्यात दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक, ‘एच’नंतर थेट ‘जे’ येतो, ‘आय’ नाहीच. हे गीत घडलं त्या काळात आय आणि जे ही एकाच अक्षराची दोन रूपं धरली जात. अगदी 1755 च्या सॅम्युअल जॉन्सनच्या इंग्रजी शब्दकोशातही त्यांचे शब्द एकत्रच लावलेले आहेत. दुसरी गंमत शेवटी आहे. यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड या सहाही जणांना एकेक मोठा तुकडा देऊन एकदमच झोपायला पाठवलंय! सहा वाक्यांचं काम एका वाक्यात उरकलं. आपल्या वर्गातली मुलं नेमकी इथेच अडतात, हा योगायोग नव्हे.

त्यातही एक्स सर्वांत वाईट. इंग्रजीत या अक्षराने सुरू होणारे शब्द मुळातच मोजके, आणि बरेचसे ग्रीकमधून आलेले. म्हणून जुन्या इंग्रजी अंकलिप्यांमध्ये एक्ससाठी झर्क्सिस हा इराणचा राजा वारंवार भेटतो. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतर एक्स-रे आला आणि मुलांच्या तक्त्यांत राजाची जागा हाडांच्या चित्राने घेतली. तक्ता किती जुना हे ओळखायचं असेल तर एक्सचं चित्र आधी बघावं. ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांनी ‘फॉक्स’ किंवा ‘बॉक्स’ घेऊन अक्षर शब्दाच्या शेवटी चालवून घेतलं. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपणही ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ म्हणतच वाढलो. तक्त्यात हे खपतं. वाक्याची सुरुवातच त्या अक्षराने हवी असेल, तर ही पळवाट बंद होते.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे साताऱ्यातली मराठी माध्यमाची मुलं चौथीपर्यंत हा खेळ खेळण्याइतकी तयार होतात. मात्र त्यांच्या चुका इंग्रजी पुस्तकांत सांगितलेल्या नसतात, त्या मराठीतून आलेल्या असतात. ‘व’ एकच असल्याने ‘व्हेन’ हा शब्द व्हीच्या ओळीत जातो आणि डब्ल्यूची ओळ रिकामी राहते. आवाजावर गेल्यामुळे ‘फोटो’ एफखाली येतो, ‘नाइफ’ एनखाली. आणि ‘जेव्हा-तेव्हा’च्या सवयीने ‘व्हेन ही केम बॅक’ एवढ्यावरच पूर्णविराम पडतो, म्हणजे वाक्य अर्धंच राहतं. दुसरं टोक म्हणजे नावं. जया, किरण, लता, मनोज अशी ओळीने नावं घातली की अक्षरं पटापट सुटतात, पण गोष्टीचा हजेरीपट होतो. सव्वीस वाक्यांत तीनपेक्षा जास्त नावं घ्यायची नाहीत, एवढा एक नियम घातला तरी गोष्ट सुधारते.

खरा उपाय एक्सपासून उलटं यायचा. ते वाक्य आधी ठरवायचं आणि बाकीची गोष्ट त्याच्याकडे न्यायची. इथे साताऱ्याच्या मुलांकडे झर्क्सिसपेक्षा चांगला शब्द आहे: झेरॉक्स. इंग्लंडमधल्या मुलाला तो सहज सुचेलच असं नाही, आपल्याकडे मात्र दुकानाच्या पाटीवर ठळक लिहिलेला असतो. मग झेरॉक्सची दुकानं कोणाला लागतील? ज्याच्याकडे एकच प्रश्नपत्रिका उरलीये त्याला. ती एकच का उरली? बाकीच्या शेळीने खाल्ल्या. झालं, पहिलं वाक्य मिळालं: ‘अ गोट एट द क्वेश्चन पेपर्स.’ शनिवारची सकाळची शाळा आहे, म्हणजे दुकानं उघडायला वेळ आहे.

शेवटची सहा वाक्यं मग अशी बसतात. यू: ‘अपसेट, बाई काउंटेड द टॉर्न पीसेस.’ व्ही: ‘विलास रॅन टु पोवई नाका.’ डब्ल्यू: ‘व्हेन ही केम बॅक, हिज हँड्स वर एम्प्टी.’ एक्स: ‘झेरॉक्स शॉप्स ओपन ॲट टेन.’ वाय: ‘येट द एक्झाम बिगॅन, बिकॉज बाई रोट द क्वेश्चन्स ऑन द बोर्ड.’ झेड: ‘झिरो मार्क्स वेंट टु द गोट.’ एक्सचं वाक्य काढून टाकलं तर विलास रिकाम्या हाताने का परतला हे कळत नाही. म्हणजे ते तिथे भरतीला आलेलं नाही, कामाला आलंय. हीच त्याची परीक्षा.

बाकीची अक्षरं त्या मानाने सोपी आहेत. ए, बी, आय, एन, ओ, एस, टी यांना अव्ययं आणि सर्वनामं भरपूर. ‘बट’, ‘इट’, ‘नाऊ’, ‘ऑन’, ‘सो’, ‘देन’ एवढ्यावर भागतं. क्यूला ‘क्विकली’ किंवा ‘क्वाएटली’ पुरतं, आणि शेळीची गोष्ट असल्याने दुसरं जास्त शोभतं. जे आणि के मात्र जपून वापरावेत. ‘जस्ट देन’ एकदाच चालतं आणि ‘के’साठी बहुतेक मुलं ‘किंग’ आणतात. शाळेच्या आवारात राजा आला की समजावं, गोष्ट अक्षराच्या मागे गेली. त्याऐवजी ‘कीप द गेट शट!’ असं बाईंचं ओरडणं घातलं, तर शेळी आत कशी शिरली तेही सांगून होतं.

फळ्यावर सव्वीस अक्षरं उभी मांडून आधी एक्स, मग झेड, मग क्यू भरायला लावावं. त्यानंतर वरून खाली. दोन तासिका लागतात, आणि दुसऱ्या तासिकेत बरीचशी खाडाखोड वायच्या ओळीत होते. कारण ‘येट’ आणि ‘येस’ यांपैकी एक निवडताना गोष्ट अजून संपायची आहे की संपली, हे ठरवावं लागतं.