बेअरिंगला ग्रीस किती पाजायचं?

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये ब्लोअरच्या ५० एचपी मोटरचं बेअरिंग एकाच हंगामात दुसऱ्यांदा गेलं. मिस्त्री हैराण होता. "दादा, हप्त्याच्या हप्त्याले ग्रीस देतो, तरी कायले जाते हे?" मोटरला लिंबू-मिरची बांधलेली होती. दृष्ट काढून बेअरिंग वाचत नाही, कारण दुखणं त्या हप्त्याच्या ग्रीसमध्येच होतं. कव्हर उघडलं तर आत काळपट, घट्ट झालेलं ग्रीस गच्च भरलेलं, आणि थोडं शाफ्टवरून सरकून वाइंडिंगवर गेलेलं. त्यावर कापसाची बारीक धूळ जाड थरात चिकटली होती. अशा थरामुळे वाइंडिंगची उष्णताही बाहेर पडत नाही.

ग्रीस म्हणजे साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वंगणाचं मुख्य काम तेल करतं, जाळी ते थोडं थोडं सोडते. नवीन ग्रीस भरल्यावर फिरणाऱ्या गोळ्या ते बाजूला ढकलतात आणि स्वतःसाठी वाट करून घेतात. कडेला बसलेल्या ग्रीसमधून तेल झिरपत राहतं. म्हणून आत मोकळी जागा लागतेच. ती नसली तर बाजूला सरकायला ग्रीसला ठिकाणच उरत नाही. गोळ्या मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या मोटरमध्ये तेच ग्रीस घुसळत बसतात. घुसळण्यातून उष्णता होते, जाळी तुटते, तेल पातळ होऊन निघून जातं आणि मागे कोरडा साबण उरतो. म्हणजे ग्रीसने भरलेलं बेअरिंग वंगणाविना मरतं.

ओळखायचं कसं? ग्रीस दिल्यावर बेअरिंग काही तास थोडं तापतं, मग उतरतं. उतरलंच नाही, तर जास्त झालं समजा.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये येतं. या मोटरवर ६३१३ बेअरिंग, व्यास १४०, रुंदी ३३, म्हणजे २३ ग्रॅम. आम्ही ग्रीस गनचे दहा स्ट्रोक कागदावर काढून वजन केलं तर १४ ग्रॅम भरले. म्हणजे सोळा स्ट्रोक पुरे. मिस्त्री दर हप्त्याला वीस देत होता, म्हणजे सतरा हप्त्यांत जवळपास अर्धा किलो, ४७६ ग्रॅम.

मग द्यायचं केव्हा? कंपनीच्या तक्त्यातले तास साधारण ७० अंश तापमानाला धरलेले असतात. त्यावर दर १५ अंशांना ते निम्मे होतात, आणि धुळीसाठी आणखी कमी करावे लागतात. समजा तक्त्यात ८००० तास आहेत. बेअरिंग ८५ अंशांवर चालतं तर ४०००, आणि जिनिंगच्या धुळीसाठी मी तेही निम्मे धरतो, म्हणजे २०००. रोज सोळा तासांप्रमाणे १२० दिवसांचा हंगाम १९२० तासांचा होतो. म्हणजे हंगामाला एकदाच.

देताना निपल पुसून घ्यायचं, खालचा निचऱ्याचा बूच काढून मोटर चालू ठेवायची, हळूहळू स्ट्रोक द्यायचे, जादा ग्रीस बाहेर पडेपर्यंत चालू द्यायची आणि मग बूच लावायचा. ही मोटर नव्या बेअरिंगवर तशीच चालू केली आहे. मिस्त्रीने कव्हरवर ऑइल पेंटने लिहून ठेवलं: "१६ स्ट्रोक, हंगामाले एकदा."