तयम्मुम

नमाजापूर्वी वुजू म्हणजे हात, चेहरा, पाय धुणे किंवा गुस्ल म्हणजे पूर्ण स्नान, यांसाठी पाणी वापरणे शक्य नसेल, तेव्हा पाक मातीने करायची शुद्धी म्हणजे तयम्मुम. कुराणाच्या चौथ्या अध्यायातील ४३व्या आणि पाचव्या अध्यायातील सहाव्या आयतीत तिचा आधार आहे. इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेच्या पद्धतीत नियत करून दोन्ही तळवे मातीवर टेकवतात, धूळ झटकून चेहऱ्यावरून फिरवतात. पुन्हा टेकवून दोन्ही हात कोपरांपर्यंत पुसतात. गुस्लऐवजी करतानाही कृती हीच.

फुकहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी, सर्वाधिक खल केला तो पाणी ‘नाही’ असे केव्हा मानायचे यावर. हनफी मतात ते सुमारे एक मैलाच्या आत नसावे. त्यामुळे पुण्यात कोंढव्यातल्या एखाद्या इमारतीची टाकी कोरडी पडली, एवढ्याने तयम्मुमची मुभा मिळत नाही. शेजाऱ्याकडे मागता येते, मशिदीच्या हौदावर जाता येते, नेहमीच्या दरात मिळत असेल आणि ऐपत असेल तर विकतही घ्यावे लागते. शिवाय वुजूला लागते किती? प्रेषितांचा वुजू एका मुद्दमध्ये, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात होत असे. मात्र घरात उरलेले पाणी पिण्यापुरतेच असेल आणि दुसरे मिळण्याजोगे नसेल, तर ते तहानेसाठी राखून तयम्मुम करावे.

पाणी समोर असूनही मुभा मिळते ती मुख्यतः आजारात. शहरात तयम्मुमची गरज पडते ती बहुधा इथेच. पाण्याने दुखणे वाढेल किंवा बरे व्हायला उशीर लागेल, असे स्वतःच्या अनुभवावरून किंवा जाणत्या डॉक्टरच्या सांगण्यावरून वाटले पाहिजे. नुसता कंटाळा चालत नाही. थंडीचेही तसेच. पाणी तापवायची सोय असताना पुण्यातली डिसेंबरची पहाट हे कारण ठरत नाही.

समजा, ससूनमध्ये दाखल असलेल्या रुग्णाच्या एकाच हाताला बँडेज आहे. हनफी मतानुसार त्याने बाकीचे अवयव धुवावेत आणि बँडेजवर ओला हात फिरवावा, तयम्मुम नको. वुजूचे बहुतेक अवयव जखमी असतील तरच तयम्मुम. शाफई या दुसऱ्या परंपरेच्या मतात मात्र निरोगी भाग धुऊन जखमी भागासाठी तयम्मुमही करायचा असतो.

करायचा कशावर, यातही फरक आहे. ऑइल पेंटच्या स्वच्छ भिंतीवर हात टेकवून तयम्मुम होत नाही, कारण रंगाचा थर मातीच्या जातीचा नाही. हनफींना धुऊन काढलेला काळा पाषाणही चालतो, म्हणून रुग्णाच्या उशाशी एखादा दगड ठेवला तरी पुरते. शाफईंना हाताला धूळ लागणे आवश्यक असते. पुण्यात राहणाऱ्या कोकणी मुसलमानांपैकी बरेच शाफई असल्याने, त्यांच्या रुग्णासाठी डबीभर कोरडी माती नेणे अधिक योग्य. त्यांच्या मते प्रत्येक फर्ज म्हणजे अनिवार्य नमाजासाठी वेळ सुरू झाल्यावर नवा तयम्मुम लागतो. हनफी मतात एकावर अनेक नमाज अदा करता येतात.

वुजू ज्याने तुटतो त्याने तयम्मुमही तुटतो. शिवाय पाणी मिळाले किंवा ते वापरण्याइतकी प्रकृती सुधारली की तो संपतो. हनफी मतात आजारपणात तयम्मुमने अदा केलेले नमाज मग पुन्हा पढावे लागत नाहीत.