डिलीट केलेला टीम्सचा मेसेज किती दिवस शोधता येतो?

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये मेसेज चुकून डिलीट केला, तर लगेच त्याच जागी दिसणाऱ्या `Undo` वर क्लिक करावं. ती संधी हुकली की पुढचं सगळं कंपनीच्या ॲडमिनच्या हातात जातं.

त्याचं कारण मेसेज कुठे साठतो यात आहे. खाजगी चॅटची एक प्रत त्यात सहभागी असलेल्या प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये, आउटलुकमध्ये न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये पडते. (चॅनलवरच्या मेसेजची प्रत त्या टीमच्या सामाईक मेलबॉक्समध्ये जाते.) ॲडमिनचे रिटेन्शनचे नियम, म्हणजे मेसेज किती दिवस ठेवायचा आणि कधी पुसायचा हे ठरवणारे नियम, या प्रतींवर चालतात. मुदत संपण्याआधीच मेसेज डिलीट झाला, तर स्क्रीनवरून तो ताबडतोब जातो. प्रत मात्र 21 दिवसांनी `SubstrateHolds` नावाच्या दुसऱ्या छुप्या फोल्डरमध्ये हलते आणि मुदत संपेपर्यंत राहते.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मुदत मेसेज पाठवल्याच्या दिवसापासून मोजतात, डिलीट केल्याच्या दिवसापासून नाही. समजा नियम ‘60 दिवस ठेवा, मग पुसा’ असा आहे. 1 मार्चला पाठवलेला मेसेज कुणी 10 मार्चला डिलीट केला. मुदत 30 एप्रिलला संपेल. 10 मार्चपासून 60 दिवस मोजणारा मात्र 9 मेपर्यंत निवांत बसेल. पुसण्याचं काम सहसा 1 ते 7 दिवसांच्या अंतराने चालतं, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात प्रत हाती लागूही शकते. पण त्या भरवशावर राहू नये.

त्यामुळे ॲडमिनला लिहिताना ‘माझं चॅट गेलं’ एवढंच लिहून भागत नाही. पाठवल्याची तारीख, दोन्ही बाजूंची नावं आणि लक्षात असलेला एखादा शब्द द्यावा. ॲडमिन किंवा ई-डिस्कव्हरीचा, म्हणजे इतरांच्या मेलबॉक्समध्ये शोध घेण्याचा, अधिकार असलेली व्यक्ती मायक्रोसॉफ्टच्या पर्व्ह्यू पोर्टलवर दोघांचे मेलबॉक्स निवडून असा शोध लावते:

```
kind:microsoftteams AND sent>=2025-03-01 AND sent<=2025-03-02
```

दोघांचे का? कारण नियम माणसागणिक लावता येतात. एकाच्या मेलबॉक्समधली प्रत पुसली गेली असली, तरी दुसऱ्याला जास्त मुदतीचा नियम असेल तर त्याच्याकडची शिल्लक असते. शोधायला वेळ लागणार असेल, तर मुदत संपण्याआधी मेलबॉक्सवर ‘होल्ड’ लावून घ्यावा, म्हणजे पुसण्याचं काम त्या प्रतीला हात लावत नाही. मुदतीनंतर प्रत एकदा कायमची पुसली गेली, की होल्डचा काही उपयोग नाही.

आणि सापडलेला मेसेज चॅटमध्ये परत बसवता येत नाही. शोधातून मिळते ती एक्सपोर्ट केलेली फाइल, म्हणजे वाचायला आणि दाखवायला पुरेसा मजकूर.

चॅटमध्ये पाठवलेल्या फाइलचं गणित वेगळं. ती पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये `Microsoft Teams Chat Files` या फोल्डरमध्ये असते. मेसेज गेला तरी फाइल तिथेच सापडू शकते, आणि फाइलही डिलीट झाली असेल तर वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ती 93 दिवस राहते. ती परत आणायला ॲडमिनची गरज नाही, पाठवणाऱ्यालाच जमतं.