पार्श्वभूमी : अग्रलेखाचा सूर आणि ‘अप्रीती’ हा शब्द

लेखाचा सूर ओळखणं हा आज परीक्षेतल्या उताऱ्याखालचा प्रश्न आहे. लेखकाची भूमिका उपरोधिक, टीकात्मक की तटस्थ, ते निवडा आणि पुढे चला. मराठीत हा प्रश्न आधी कोर्टात विचारला गेला होता, आणि उत्तर सरकारला रुचलं नाही तर शिक्षा संपादकाला व्हायची.

मूळ 1870 सालचं. त्या वर्षी दंडसंहितेत राजद्रोहाचं 124-अ कलम आलं. त्यात ‘डिसअफेक्शन’ या ज्या इंग्रजी शब्दावर सारा भार होता, त्याला आपल्याकडे पुढे ‘अप्रीती’ असा प्रतिशब्द रूढ झाला. अप्रीती म्हणजे नेमकं काय? प्रेम नसणं, की द्वेष असणं? सरकारी धोरणाबद्दलची नापसंती गुन्हा नाही, असा खुलासा कलमातच होता. म्हणजे लेख वाचून नापसंती आणि अप्रीती वेगळी काढायची. हे काम कायद्याचं कमी आणि वाचनाचं जास्त.

1897 मध्ये टिळकांच्या ‘केसरी’वर खटला झाला, तेव्हा ही गाठ सुटण्याऐवजी घट्ट झाली. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखावरून खटला झाला, असं अनेकांना आजही वाटतं. ते बरोबर नाही. तो अग्रलेख 6 जुलैचा, आणि आरोप होता 15 जूनच्या अंकावर. त्या अंकात शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता आणि महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. सुराच्या दृष्टीने हे प्रकरण अग्रलेखापेक्षा अवघड. कवितेत बोलतात महाराज, वृत्तांतात बोलतात वक्ते. मग त्यातला संताप संपादकाचा मानायचा का? फिर्यादीने तसा मानला. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. त्यातच द्वेष, वैर, तुच्छता, सगळ्या प्रकारचा दुर्भाव त्यांनी बसवला. ज्यूरीचा कौल सहा विरुद्ध तीन पडला आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांची.

‘अभाव’ या एका शब्दाने काय झालं ते पाहा. प्रीती दाखवणं जणू कर्तव्य ठरलं, आणि कोरडा, तटस्थ सूरही संशयास्पद झाला. पुढच्याच वर्षी कलम दुरुस्त झालं. अप्रीतीत बेइमानी आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असा खुलासा जोडला गेला. अशी भावना न चेतवता केलेल्या टीकेला मुभा राहिली. पण ती चेतवली की नाही, हे ठरवायचं कुणी?

1908 मध्ये ‘केसरी’वर पुन्हा खटला झाला, तेव्हा ते ठरवलं सात युरोपीय आणि दोन पारशी ज्यूरर्सनी. त्यातल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं, त्यांच्यापुढे होती सरकारी भाषांतरं. 12 मेचा ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख इंग्रज न्यायाधीशाला मारण्यासाठी क्रांतिकारकांनी मुझफ्फरपूरला टाकलेल्या बाँबनंतरचा. तो घटनेबद्दल खेद व्यक्त करतो, आणि मग ही वेळ आली ती अधिकाऱ्यांच्या हट्टामुळे, असं दाखवतो. खेद खरा की पुढच्या आरोपासाठी पायघडी? असा लेख वाचताना ‘पण’ कुठे येतो आणि त्याच्या पुढेमागे किती ओळी आहेत, हे बघावं. खेद दोन ओळींत आटोपला आणि कारणमीमांसा दोन रकाने चालली, तर वजन कुठे आहे ते कळतं. मात्र यातून कळतो तो फक्त भर. हिंसा मान्य आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नेमका हा फरक त्या निकालात हरवला, असं माझं मत.

भाषांतराने आणखी घात केला. ‘माथेफिरू’ हा शब्द घ्या. मराठी कानाला त्यात निषेध आहे, थोडी कीवही आहे, आणि माथं कशामुळे तरी फिरलं असं कारणही सुचतं. परभाषेत त्याचा ‘वेडा’ होतो किंवा ‘धर्मांध’, आणि तिन्ही छटा एकदम उरत नाहीत. आरोपी संपादकांनी स्वतःच बचाव केला. त्यांचं भाषण वीस तासांहून जास्त चाललं आणि त्यातला मोठा भाग भाषांतरातल्या चुकांवर होता. ज्यूरीत सात विरुद्ध दोन मतं पडली. शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची. ती पुढे मंडालेत भोगावी लागली.

कलमाचा नंतरचा प्रवास थोडक्यात. 1942 मध्ये संघ न्यायालयाने सार्वजनिक शांततेला धक्का बसण्याचा संबंध आवश्यक मानला. 1947 मध्ये अपिलाची शेवटची पायरी असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो झिडकारून जुनाच अर्थ परत आणला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम कायम ठेवलं, पण हिंसेला चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडवण्याची प्रवृत्ती असेल तरच गुन्हा, असं ठरवलं. म्हणजे कितीही कडवट सूर असला तरी निव्वळ सूर गुन्हा राहिला नाही. 1897 ची व्याख्या तिथे खऱ्या अर्थाने मोडली, पासष्ट वर्षांनी. 2022 च्या मे महिन्यात या कलमाचा वापर स्थगित झाला. दंडसंहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ नाही. कलम 152 मात्र आहे, आणि त्यात अलगतेच्या ‘भावनांना’ उत्तेजन देण्याचा उल्लेख आहे.