काँक्रीट बीमचा दीर्घकालीन झोल

आरसीसी बीमखालचे टेकू काढताच तो स्वतःच्या आणि स्लॅबच्या वजनाने थोडा खाली वाकतो. हे तात्कालिक डिफ्लेक्शन. भार तेवढाच राहिला तरी पुढची काही वर्षे बीम आणखी वाकत जातो आणि तो वाढीव भाग म्हणजे दीर्घकालीन झोल. त्यामागे क्रीप आणि श्रिंकेज ही दोन कारणे आहेत. वाढ पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते, नंतर मंदावत जाते, पण बरीच वर्षे पूर्ण थांबत नाही. टेकू काढल्यावर बीम सरळ दिसला, म्हणून तो सरळच राहील असे धरता येत नाही.

क्रीप म्हणजे सततच्या दाबाखाली काँक्रीटचे सावकाश आखडत जाणे. साध्या आधारांवरच्या बीममध्ये दाब वरच्या भागात असतो आणि ताण खालची सळई घेते. वरचे काँक्रीट आखडते, सळई जवळपास तशीच राहते, त्यामुळे बीमचा बाक वाढतो. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ : २००० मध्ये, क्रीप गुणांक भार कोणत्या वयात आला त्यावर ठरतो: ७ दिवसांना २.२, २८ दिवसांना १.६ आणि एका वर्षाला १.१. गणितात हा गुणांक θ काँक्रीटचा ताठपणा Ec वरून Ece वर कमी करून आणतात:

```
Ece = Ec / (1 + θ)
```

गुणांक १.६ म्हणजे झोल २.६ पट, असा समज अनेकदा आढळतो. तो फक्त काँक्रीटपुरता खरा आहे. तडकलेल्या बीममध्ये काँक्रीट मऊ पडले की तटस्थ अक्ष, म्हणजे दाब आणि ताण यांमधली सीमा, खाली सरकतो, दाब घेणारे क्षेत्र वाढते आणि सळईचा वाटाही वाढतो. म्हणून प्रत्यक्ष वाढ त्याहून बरीच कमी असते.

श्रिंकेज भाराशिवायही होते, कारण ते काँक्रीटमधले पाणी उडून गेल्याने होते. सळई खाली जास्त आणि वर कमी असेल, तर खालच्या बाजूला आकुंचनाला अडथळा येतो, वरच्या बाजूला कमी येतो, आणि बीम खाली वाकतो. वर-खाली सारखी सळई असेल तर आकुंचन होते, पण बाक येत नाही. वरच्या सळईने क्रीपही आवरते, म्हणून झोल कमी करायला ती उपयोगी पडते.

पुण्यातल्या सदनिकांमध्ये भिंतीत झाकला जावा म्हणून २३० मिमी रुंदीचा बीम सर्रास वापरतात. हॉलवरचा असा एक बीम घेऊ. स्पॅन ६ मीटर, आधार साधे, एकूण खोली ४५० मिमी, परिणामी खोली, म्हणजे वरच्या कडेपासून खालच्या सळईच्या मध्यापर्यंतची, ४०० मिमी, काँक्रीट एम २५, खाली १६ मिमीच्या ४ सळया, वर १२ मिमीच्या २. कायमचा भार मीटरमागे १२ किलोन्यूटन, वापराचा ३. आयएस ४५६ च्या परिशिष्ट ‘सी’प्रमाणे पूर्ण भाराखालचे तात्कालिक डिफ्लेक्शन सुमारे १५ मिमी येते. कायमच्या भाराच्या क्रीपने त्यात ४.८ मिमी आणि श्रिंकेजने १.५ मिमी भर पडते. बेरीज सुमारे २१ मिमी होते. मर्यादा स्पॅनच्या २५० व्या भागाची, म्हणजे २४ मिमी. बीम पास होतो. याच गणितात तटस्थ अक्ष वरच्या कडेपासून १२४ मिमीवरून १७९ मिमीवर उतरतो. क्रीपची भर ५ मिमीच्या आत राहण्याचे कारण हेच.

आता घरमालकाला हॉलमध्ये बीम लोंबताना नको आहे, म्हणून खोली ३५० मिमी केली. परिणामी खोली ३०० मिमी उरली. खाली २० च्या २ आणि १६ च्या २, वर १६ च्या २ सळया टाकल्या की ताकदीचे गणित बसते. स्पॅन आणि परिणामी खोलीचे गुणोत्तर आता २० आहे आणि पुढे येणारे सळईचे दोन्ही गुणक लावून मानकाची मुभा साधारण १९.४ ची, म्हणजे फरक किरकोळ वाटतो. पण झोल मोजला तर तात्कालिक २४.६, क्रीप ५.७ आणि श्रिंकेज २.१ मिळून ३२ मिमीच्या वर जातो. मर्यादा २४ च आहे. ‘सळई वाढवली, बीम चालेल’ हे उत्तर इथे फसते. सळईने ताकद पुरी पडली, तरी ताठपणा मुख्यतः खोलीतून येतो.

हे लांबलचक गणित दर वेळी करावे लागू नये म्हणून स्पॅन आणि परिणामी खोलीच्या गुणोत्तराच्या मर्यादा दिल्या आहेत. कॅन्टिलिव्हरला ७, साध्या आधारांना २०, सलग बीमला २६. स्पॅन १० मीटरपेक्षा मोठा असेल तर १० भागिले स्पॅन या गुणकाने आकडा कमी करायचा. १० मीटरपुढच्या कॅन्टिलिव्हरला मात्र हा आडमार्ग नाही, तिथे डिफ्लेक्शन मोजावेच लागते. मूळ आकड्याला ताणाच्या सळईचा गुणक लागतो. सळईचे प्रमाण आणि तिच्यातला ताण जास्त असेल तर तो १ च्या खाली जातो. दाबाच्या सळईचा गुणक १ पेक्षा मोठा असतो. टी-बीमसाठी तिसरा गुणक आहे. नेहमी होणारी चूक म्हणजे एकूण खोली भागाकारात धरणे. कव्हर, रिंग आणि अर्धी सळई वजा केल्याशिवाय परिणामी खोली मिळत नाही.

या मर्यादांमागे काम नीट झाले आहे असे गृहीत आहे. साइटवर ते सेंटरिंग काढताना मोडते. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस ठेवायचे, त्यापुढच्याचे २१. आपल्या ४५० मिमीच्या बीमवर सगळा कायमचा भार २८ ऐवजी ७ व्या दिवशी आला, तर क्रीपची भर ४.८ वरून ६.४ मिमीवर जाते. कोवळे काँक्रीट तडकतेही जास्त, ते नुकसान या आकड्यात धरलेलेच नाही. बीमवर विटांची थप्पी रचली की परिणाम तोच. पुण्याच्या मार्च ते मेच्या कोरड्या हवेत क्युरिंग तुटले किंवा क्रश सँडमध्ये धूळ जास्त म्हणून पाणी वाढवले, तर श्रिंकेज वाढते. इथला काळा दगड ताठ असल्याने खडी आकुंचनाला बऱ्यापैकी अडवते, पण जादा पाण्याची भरपाई ती करू शकत नाही.

नुकसान आधी भिंतीत दिसते. म्हणून दुसरी मर्यादा अशी की भिंती आणि फिनिशिंग झाल्यानंतर होणारे डिफ्लेक्शन स्पॅनच्या ३५० व्या भागापेक्षा किंवा २० मिमीपेक्षा, यांतल्या लहान आकड्यापेक्षा, जास्त नको. ६ मीटरला ते १७ मिमी. कायमच्या भारातला निम्मा भार भिंत आणि फरशीचा धरला, तर ४५० मिमीचा बीम १६ मिमीच्या आत राहतो, ३५० चा २२ च्या पुढे जातो.

खालचा बीम बसला की भिंत मधे अधांतरी होऊन दोन टोकांवर तोलली जाते. तळाशी मध्यभागी आडवी फट पडते आणि टोकांकडून मधल्या बाजूला वर चढणाऱ्या तिरप्या भेगा येतात. वरचा बीम भिंतीवर टेकला तर प्लास्टर फुगते आणि दरवाजाची चौकट अडकते. खात्रीसाठी बीमच्या तळाला दोन टोकांत दोरी ताणून मधले अंतर मोजावे आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजावे. मात्र पहिल्या मोजणीत सेंटरिंगचा मूळचा झोलही मिसळलेला असतो, म्हणून दोन मोजण्यांमधला फरक जास्त विश्वासाचा. भिंत आणि वरचा बीम यांमधली फट बंद करताना भिंतीचा शेवटचा थर बीमला घट्ट ठोकून बसवू नये. वरच्या मजल्यांच्या भिंती उभ्या राहून टेकू निघाल्यावरच तो थर भरावा, शक्य तितका उशिरा.