ब्लॉक डोमिनो : सोंगट्यांची नोंद आणि ठिपक्यांचा हिशेब

ब्लॉक डोमिनोत प्रतिस्पर्ध्याच्या हातातल्या सोंगट्या ताडण्यासाठी पटावर पडलेल्या सोंगट्या आणि त्याचे ‘पास’ ध्यानात ठेवण्याची रीत. ० ते ६ ठिपक्यांच्या संचात २८ सोंगट्या असतात, एकूण ठिपके १६८ आणि प्रत्येक अंक ७ सोंगट्यांवर. दोघांच्या डावात प्रत्येकी ७ सोंगट्या वाटल्या, तर १४ उपड्या राहतात आणि त्या उचलायच्या नसतात. लावता येत असेल तर सोंगटी लावलीच पाहिजे, हा नियम असल्यामुळे ‘पास’ खोटा नसतो. उघड्या टोकांवरचे दोन्ही अंक त्या खेळाडूकडे नाहीत, एवढे पक्के कळते आणि पुढे उचल नसल्यामुळे ते डाव संपेपर्यंत खरे राहते.

समजा, आपण ५-५ लावली, समोरच्याने ५-२, आपण २-३. टोके ५ आणि ३. समोरचा पास. आपल्या हातात ३-६, ३-०, ५-१, ६-६, ६-४ उरल्या आहेत. न दिसलेल्या सोंगट्या २०. त्यांतल्या ५ किंवा ३ असलेल्या ७ वगळल्या की १३ उरतात आणि त्याच्या सहाही सोंगट्या त्यांतल्याच. आता ३-६ लावावी हे उघड आहे. टोके ५ आणि ६ होतात आणि त्याला चालणाऱ्या सोंगट्या तीनच : ०-६, १-६, २-६. ३-० किंवा ५-१ लावली असती, तर त्याला पाच चालल्या असत्या.

त्याने ६-१ लावली. टोके ५ आणि १. आपल्याला फक्त ५-१ लावता येते, पण कुठल्या टोकाला हा प्रश्न आहे. १ च्या टोकाला लावली तर दोन्ही टोकांना ५ येतो, त्याच्याकडे ५ नाही, आपल्याकडेही उरत नाही. डाव बंद आणि कमी ठिपके असणारा जिंकला. मोह इथेच होतो.

आपल्या हातात ३-०, ६-६, ६-४ म्हणजे २५ ठिपके उरतील. पटावर ४४ असतील, म्हणून न दिसलेल्या १९ सोंगट्यांवर ९९. सरसकट सरासरी काढली तर त्याच्या पाच सोंगट्यांवर सुमारे २६ येतात आणि डाव बंद करणे जेमतेम परवडेलसे वाटते. पण पास विसरून केलेला हा हिशेब फसवा आहे. ५ आणि ३ च्या जड सोंगट्या त्याच्याकडे नाहीतच. शक्य असलेल्या १२ सोंगट्यांवर मिळून ४९ ठिपके आहेत, म्हणजे पाचांवर साधारण २०. बंद केल्यास बहुधा आपणच हरू. त्यापेक्षा ५-१ दुसऱ्या टोकाला लावून दोन्हीकडे १ उघडा ठेवणे बरे. त्याने १-० किंवा १-४ लावली, तर आपली ३-० किंवा ६-४ निघते. १-१ किंवा १-२ लावली, तर मात्र आपल्यालाच पास म्हणावे लागते.

२० हा आकडा केवळ अंदाज आहे : त्या पाच सोंगट्यांवर कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ३३ ठिपके असू शकतात. शिवाय सगळ्या सोंगट्या सारख्याच संभाव्य धरणे पूर्ण बरोबर नाही. त्याने ६-१ निवडली याचा अर्थ त्याच्याकडे दुसरा ६ नव्हता असा होत नाही. त्याला कदाचित १ उघडायचा असेल. पास सक्तीचा असतो, निवड नसते, म्हणून निवडीवरून काढलेला निष्कर्ष कच्चाच समजावा.